टीएसएच बघितला, टी३ राहून गेला

रिपोर्टवर माझीच सही आहे. म्हणजे सही डॉक्टरांची, पण खाली बारक्या अक्षरात टेक्निशियनची इनिशियल असते ना, ती माझी. माझ्या स्वतःच्या पोराचं थायरॉईड मी स्वतः मशीनला लावलं, कंट्रोल बघितले, व्हॅलिडेट केलं, प्रिंट काढली आणि पर्समध्ये घालून पेडियाट्रिशियनकडे घेऊन गेले. टी३ समोर एच छापलेला होता, टी४ समोर एल. आणि तरी पुढचे दोन महिने आम्ही त्याला थायरॉक्सिन दिलं. हे लिहायला मला तीन वर्षं लागली, पण लॅबवाल्यांनी आणि पेडियाट्रिक्स शिकणाऱ्यांनी वाचावं म्हणून लिहितेय. बेसिक थायरॉईड तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

मी सांगलीकडची, डीएमएलटी करून गेली पंधरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये. पोरगा २०२१ चा. डिलिव्हरी साधी, लगेच रडला, वजन २.९. टाचेचं रक्त घेऊन करतात ती टीएसएचची तपासणी तिसऱ्या दिवशी झाली, नॉर्मल. चौथ्या महिन्यात मान धरेना. सहाव्यातही नाही. उचलला की पिठाच्या गोळ्यासारखा हातातून निसटायचा, पण हातपाय मात्र कधीकधी एकदम ताठ. दूध प्यायला पाऊण तास. एका डॉक्टरांनी सीपी लिहिलं, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, मी म्हटलं अहो पण जन्मताच रडला, तर म्हणाले कधीकधी कारण सापडत नाही. फिजिओ सुरू केली.

मग ते झटके. झटके म्हणजे आम्ही म्हणायचो. लंगोट बदलायला पाय उचलले, किंवा झोपेतून कडेवर घेतला, की अंग धनुष्यासारखं मागे ताणायचं, हात कोपरात वळायचे, तोंड उघडं, चेहरा लाल, आणि मिनिटभरात सगळं सैल. त्यात तो शुद्धीवर असायचा, माझ्याकडे बघत असायचा, हे मला खटकायचं. ईईजी केला, स्वच्छ. तरी फिटचं सिरप सुरू झालंच. सिरपने काही फरक पडला नाही.

अकराव्या महिन्यात वजन ६.४ किलो. कुणीतरी म्हणालं थायरॉईड बघून घ्या. तर तो रिपोर्ट:

टी३ २८५ नॅनोग्रॅम पर डीएल, टी४ ४.५ मायक्रोग्रॅम पर डीएल, टीएसएच ५.४.

आमच्याकडे छापतो त्या रेंज मोठ्या माणसांच्या. टी३ ८० ते २००, टी४ साधारण ५ ते १४, टीएसएच ४.२ पर्यंत. लहान मुलांचं टी३ मुळातच थोडं वर असतं हे मला माहीत होतं, म्हणून एच बघून मी म्हटलं असेल वयामुळे. टीएसएचही बाळांमध्ये थोडा वर चालतो. राहता राहिलं टी४, ते कमी. डॉक्टरांनी बघितलं टीएसएच बॉर्डरलाईन, टी४ कमी, पोरगं मऊ, विकास मागे, म्हणजे हायपोथायरॉईड. टी३ कडे बोट दाखवलं तर म्हणाले टी३ चं सोडा, ते कशानेही हलतं. चूक एकट्या त्यांची नाही, सगळ्यांना तसंच शिकवलंय, टीएसएच बघा मग टी४ बघा, टी३ शेवटी. थायरॉक्सिन २५ मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी.

दोन आठवड्यांत पोराची झोप उडाली. पंखा फुल, तरी उशी ओली. तळहात गरम. झोपेत मनगटावर बोट ठेवून मी ठोके मोजायचे, १५० च्या पुढे. सासूबाई म्हणाल्या ह्याला नजर लागलीय, मीठ मोहरी ओवाळली. खायला पहिल्यापेक्षा जास्त मागायचा आणि सात आठवड्यांनी वजन ६.४ चं ६.१. हे हायपोथायरॉईडच्या पोराला औषध लागू पडल्याचं चित्र नव्हे, हे कुणीही सांगेल, पण घरातलं असलं की डोळ्यांवर झापड येते.

मी परत रक्त काढलं. टी३ ३६०, टी४ ६.१, टीएसएच १.९. 

त्या दिवशी रात्रपाळी होती, गर्दी नव्हती, आणि मी पहिल्यांदा दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येकातल्या टी३ ला टी४ ने भागलं. टी३ नॅनोग्रॅममध्ये, टी४ मायक्रोग्रॅममध्ये तसंच ठेवून सरळ भागायचं, एकक बदलायची गरज नाही. साध्या मुलाचं समजा टी३ १५० आणि टी४ ९, तर उत्तर १७ च्या आसपास. माझ्या पोराचं पहिलं उत्तर ६३, औषधावर असताना ५९. मी सिस्टिममधून त्या आठवड्यातल्या वीस-पंचवीस मुलांचे भागाकार करून बघितले, एकही तीसच्या वर नव्हता. 

खरं तर इथेच विचार करायला हवा होता तो असा, की शरीरात थायरॉईड कमी पडायला लागलं तर टी४ कमी होताना थोडं टी३ वाचवतं शरीर, पण तेव्हा टीएसएच चांगलाच चढलेला असतो. आणि थायरॉईड जास्त झालं तर टी३ चढतं पण टीएसएच शून्याला टेकतो. इथे टी३ वर, टी४ खाली, आणि टीएसएच मध्यभागी बसलेला, जणू त्याला काही सांगितलंच नाही कुणी.

लॅबवाली असल्यामुळे आधी मशीनवरच संशय. बायोटिन? ते पोरगं कुठलंतरी व्हिटॅमिन सिरप घ्यायचं खरं. पण आमच्यासारख्या मशीनवर बायोटिनमुळे टी३ आणि टी४ दोन्ही खोटे वर जातात आणि टीएसएच खोटा खाली येतो, कारण पहिल्या दोघांची पद्धत कॉम्पिटिटिव्ह आणि टीएसएचची सँडविच. इथे टी४ खाली होतं, म्हणजे बायोटिन नव्हे. मग टी३ ला चिकटणाऱ्या अँटिबॉडी असतील तर? म्हणून तेच सॅम्पल वेगळ्या कंपनीच्या मशीनवर मिरजेला मैत्रिणीकडे पाठवलं, फ्री टी३ आणि फ्री टी४ पण लावायला सांगितले. फ्री टी३ ७.८, फ्री टी४ ०.७. तिचा फोन आला, अगं हे कुणाचं सॅम्पल आहे? मी म्हटलं लाव परत. परत तेच.

पुण्याला पेडियाट्रिक न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळाली. मी मोबाईलमध्ये ताणण्याचे बारा व्हिडिओ काढून नेलेले. मॅडमनी तीन बघितले, सिरप बंद करायला सांगितलं, म्हणाल्या ह्या फिट नाहीत, हलवलं किंवा उचललं की येणारा हा हालचालीचा अॅटॅक आहे, डिस्किनेशिया. एमआरआयमध्ये मायलिन वयाच्या मानाने बरंच मागे. त्यावरून त्यांच्या डोक्यात आधी मायलिनचेच दुसरे आजार होते. मग मी माझे भागाकार पुढे केले, हाताने लिहिलेला कागद, जरा लाजतच. त्यांनी तो कागद घेतला, खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, तुमच्या माहेरी कुणी मुलगा असा होता का?

होता. माझा थोरला भाऊ. दादा.

त्याच्याबद्दल शेवटी सांगते. आधी त्यांनी जे नाव सांगितलं ते. एमसीटी८ डिफिशियन्सी, जुनं नाव अॅलन-हर्नडन-डडली सिंड्रोम. १९४४ मध्ये अमेरिकेत ह्या तिघांनी एका मोठ्या कुटुंबाची नोंद केली होती, पिढ्यान्‌पिढ्या फक्त मुलगेच असे, मऊ मान, बारीक स्नायू, बोलणं नाही. तेव्हा थायरॉईडचा संबंध कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. २००३ मध्ये हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या लोकांनी दाखवलं की एमसीटी८ नावाचं प्रोटीन थायरॉईड हॉर्मोन पेशीच्या आत नेतं, २००४ मध्ये त्यांनी आणि शिकागोच्या गटाने वेगवेगळं दाखवलं की ज्या मुलांमध्ये ह्याचा जीन बिघडलाय त्यांचं टी३ वर असतं, आणि २००५ मध्ये कळलं की ते जुनं १९४४ चं कुटुंब म्हणजे हेच. साठ वर्षं दोन टोकं वेगवेगळी पडून होती.

आता मला जे सगळ्यात उशिरा कळलं ते. आम्हाला कॉलेजात शिकवलेलं की थायरॉईड हॉर्मोन चरबीत विरघळतं म्हणून पेशीच्या भिंतीतून आपोआप आत झिरपतं. नाही झिरपत. त्याला दार लागतं. दारं बरीच आहेत, लिव्हरला वेगळी, किडनीला वेगळी. पण माणसाच्या मेंदूला, म्हणजे रक्त आणि मेंदूमधल्या त्या भिंतीला, टी३ साठी जवळजवळ एमसीटी८ हेच दार. ते बंद झालं तर मेंदू उपाशी आणि बाहेर रक्तात हॉर्मोन तुंबलेलं. उंदरांमध्ये हा जीन काढला तर उंदीर जवळपास नीट चालतात, कारण त्यांच्या मेंदूला टी४ आत घ्यायला ओएटीपी१सी१ नावाचं दुसरं दार भरपूर असतं. माणसात ते त्या जागी फारच कमी. दोन्ही दारं काढलेला उंदीर मात्र आपल्या मुलांसारखा होतो.

बरं, पण टी४ कमी का? दार बंद असेल तर दोन्ही तुंबायला हवेत ना? हा प्रश्न मी मॅडमना तिथेच विचारला. त्यांनी पॅडवर लिव्हर काढलं, यकृताचं चित्र इतकं वाईट मी कधी बघितलं नाही, पण समजलं. लिव्हर आणि किडनीची दारं उघडी आहेत, तिथे जास्तीचं टी३ शिरतं, आणि टी३ चा एक गुण असा की तिथलं टी४ चं टी३ करणारं एन्झाइम, डीआयओ१, ते स्वतःच वाढवतं. म्हणजे टी३ वाढलं की आणखी टी४ मोडून आणखी टी३. गाडा उताराला लागतो. त्याच वेळी रिव्हर्स टी३ नावाचा जो निरुपयोगी भाऊ असतो तोही ते एन्झाइम संपवतं, म्हणून तो कमी मिळतो. दुसरं, खुद्द थायरॉईड ग्रंथीलाही हॉर्मोन बाहेर सोडायला एमसीटी८ लागतं, त्यामुळे टी४ आत अडकतं आणि बाहेर पडण्याआधीच त्यातलं काही टी३ होतं. आणि टीएसएच सोडणारी वरची मंडळी, हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी, त्यांनाही हे जास्तीचं टी३ पूर्ण कळत नाही, म्हणून टीएसएच दबत नाही. म्हणजे ह्या आजारात टीएसएच नॉर्मल हा दिलासा नाही, तोच आजाराचा भाग आहे.

आणि आम्ही त्याला काय दिलं? टी४. मेंदूला त्याचा उपयोग नाही, दार बंद. लिव्हरला मात्र टी३ करायला आयता कच्चा माल. घाम, ठोके, वजन, सगळ्याचा हिशोब लागला. 

मॅडम म्हणाल्या भागाकार एवढाच दुसऱ्या एका आजारातही मिळतो, टी३ वर टी४ खाली, टीएसएच नॉर्मल. तिथे दार ठीक असतं पण आतला रिसेप्टर, अल्फा जातीचा, बिघडलेला असतो. फक्त कागद बघून दोन्ही वेगळे करता येत नाहीत, पोराला बघावं लागतं. त्या मुलांचं हृदय सावकाश चालतं, बद्धकोष्ठ जबरदस्त, अंगाने जाड, थोडी अॅनिमिया, आणि ते मुलींनाही होतं. आमचा काटकुळा, ठोके धावणारे. त्यांनी एसएचबीजी करायला सांगितलं, ते प्रोटीन लिव्हर बनवतं आणि टी३ च्या जोरावर वाढतं, म्हणजे लिव्हरला हॉर्मोन लागू होतंय का ह्याचा साक्षीदार. वयाच्या मानानेही वर आलं. क्रिएटिनिन ०.१५, इतकं कमी की आमच्या मशीनने फ्लॅग मारला, स्नायूच नाहीत तर येणार कुठून. थायरॉक्सिन त्याच दिवशी बंद.

जीनची तपासणी. रिपोर्टवर नाव SLC16A2, एक्स क्रोमोसोमवर. मिसेन्स बदल, म्हणजे एक अमिनो आम्ल बदललंय, आणि पुढे लिहिलेलं की ह्या बदलाचा अर्थ अनिश्चित, व्हीयूएस. मला वाटलेलं जीन टेस्ट म्हणजे हो किंवा नाही. तसं नसतं. अनिश्चित असा शिक्का आला की अर्धे लोक फाईल बंद करतात.

जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट दाखवली, जी शिकणाऱ्यांनी डोक्यात ठेवावी. ह्या प्रोटीनची लांबी दोन पद्धतीने मोजतात. एका सुरुवातीपासून मोजलं तर ६१३ अमिनो आम्लं, पुढच्या सुरुवातीपासून मोजलं तर ५३९. फरक ७४. आमचा रिपोर्ट ६१३ च्या हिशोबाने होता, जुने पेपर कितीतरी ५३९ च्या हिशोबाने. आमच्या नंबरातून ७४ वजा केले आणि जुन्या पेपरमध्ये शोधलं तर अगदी त्याच जागी तोच बदल, दुसऱ्या देशातल्या एका मुलात, मिळाला. नुसता रिपोर्टवरचा नंबर टाकून शोधला तेव्हा शून्य आलं होतं. मी तो नंबर आधी स्वतः दहा वेळा टाकून बघितला होता.

मग घरच्यांची तपासणी. माझ्यात तो बदल एका एक्सवर, म्हणजे मी कॅरिअर. मला काही त्रास नाही, कारण प्रत्येक पेशीत दोनातला एकच एक्स चालू असतो आणि माझ्या बऱ्याच पेशींत चांगला चालू आहे, फक्त माझं टी४ रेंजच्या तळाशी असतं, जे मी आयुष्यभर आपलं लक्षण म्हणून सोडून दिलेलं. धाकटा भाऊ मुंबईला, धडधाकट, दोन मुलांचा बाप, त्याने रक्त दिलं, त्याच्यात बदल नाही. निरोगी पुरुषात तो बदल नसणं हे वजन टाकतं, कारण पुरुषाकडे एकच एक्स, त्याच्यात असता आणि तरी तो ठणठणीत असता तर अख्खी गोष्ट कोसळली असती. हे, जुना पेपर, आणि ते हॉर्मोनचं विचित्र प्रमाण, सगळं मिळून शिक्का बदलला, बहुधा रोगकारक. म्हणजे शेवटी जीनच्या रिपोर्टला आधार दिला तो भागाकाराने, उलटं नाही.

औषधाचं सांगते. टिराट्रिकॉल, बोलताना ट्रायॅक म्हणतात. टी३ सारखंच दिसणारं रेणू, आतल्या रिसेप्टरला तसंच लागतं, पण आत शिरायला त्याला एमसीटी८ चं दार लागत नाही. २०१९ मध्ये ४६ जणांवरची ट्रायल छापून आली, त्यात टी३ सरासरी जवळपास ५ वरून २ नॅनोमोलच्या खाली आलं. भारतात दुकानात मिळत नाही. डॉक्टरांचं पत्र, फॉर्म १२ए भरायचा, मग १२बी ची परवानगी, मग बाहेरून. आमचे चार महिने गेले त्यात, एकदा कागद परत आला कारण पोराच्या नावाचं स्पेलिंग आधारवर वेगळं. (युरोपात ह्या औषधाला २०२५ च्या फेब्रुवारीत ह्याच आजारासाठी रीतसर मान्यता मिळाली, आम्ही त्याच्या आधीचे.)

सुरुवात अर्धी गोळी. पाण्यात विरघळवून सिरिंजने गालाच्या आतून, सावकाश, नाहीतर ठसका. दर दोन आठवड्यांनी रक्त, मग थोडा डोस वर, टी३ ठरलेल्या पट्ट्यात येईपर्यंत. तो पट्टा १.४ ते २.५ नॅनोमोल, आपल्या एककात साधारण ९० ते १६०.

इथे परत एकदा माझी लॅब आडवी आली. तिसऱ्या डोसनंतर ठोके कमी, घाम कमी, वजन वाढायला लागलं, आणि आमच्या मशीनवर टी३ अजून १९० च्या वरच. डॉक्टर डोस वाढवायच्या तयारीत. मी म्हटलं थांबा. ट्रायॅक दिसायला टी३ चा जुळा भाऊ, आमची अँटिबॉडी त्याला टी३ समजून धरत असणार. तेच सॅम्पल मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्या लॅबला पाठवलं, तिथे रेणू वजनावर ओळखतात, अँटिबॉडीवर नाही. १२१ आलं. एकाच ट्यूबमधल्या रक्ताचे दोन आकडे, एक १९० च्या वर आणि एक १२१. तेव्हापासून त्याचं टी३ आम्ही आमच्याकडे लावतच नाही, आणि रक्त नेहमी सकाळची गोळी द्यायच्या आधी.

आणि टी४. ट्रायॅकवर टी४ आणखी पडतं, आमचं १.६ पर्यंत गेलं, टीएसएचही खाली येतो. नवीन कुणी रेसिडेंट फाईल उघडतो आणि घाबरतो, अहो टी४ किती कमी, थायरॉक्सिन नाही दिलं? दोनदा झालंय असं. आता फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय: टी४ कमी अपेक्षित आहे, थायरॉक्सिन देऊ नये.

काय झालं औषधाने ते सरळ सांगते, कारण मी शोधत होते तेव्हा लोक आडून आडून लिहायचे. झोपेतले ठोके १५० वरून १०४. घाम थांबला. सुरू केलं तेव्हा ७.३ किलो होता, पाच महिन्यांत ८.६. रात्री सलग पाच तास झोपतो, म्हणजे आम्हीपण. पण तो बसत नाही. मान धरतो, तीही कुशीत टेकवून, दोनेक मिनिटं. बोलत नाही. मेंदूला जेव्हा हॉर्मोन हवं होतं तो काळ पोटात आणि पहिल्या काही महिन्यांतच गेलेला, आणि ट्रायॅकने त्या बाजूला आम्हाला काही दिसलं नाही. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलेलं, हे शरीरासाठी आहे. १५१ रुग्णांच्या नोंदी एकत्र केलेला एक अभ्यास आहे, त्यात निम्मे रुग्ण ३५ वर्षांच्या आसपासच जगतात असं निघालं आणि मृत्यू बरेचसे अचानक किंवा छातीच्या इन्फेक्शनने, म्हणून ठोके आणि वजन ह्यांना आमच्या घरात एवढी किंमत. ताणण्याचे अॅटॅक येतात अजून, कमी. उचलायच्या आधी मी त्याला सांगते, उचलते हं, आणि मान व मांड्या एकदम धरून गोळा करून उचलते, मग बहुतेकदा येत नाही.

दादाचं राहिलं.

दादा मे १९८० चा. मला तो आठवतो तो गोधडीवर झोपलेला, बारीक पाय एकमेकांत अडकलेले, आई वाटीने पेज भरवतेय. कडेवर घेतलं की ताणायचा. तेव्हा सगळे म्हणायचे बाहेरचं आहे. अकरा वर्षांचा असताना न्यूमोनियाने गेला. आईने त्याच्याबद्दल कधी काही बोललं नाही, घरात त्याचा एकच फोटो, तोही कपाटात साड्यांच्या खाली.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचं मूल होऊ द्यायचं ठरलं, तेव्हा जेनेटिक्सवाल्यांनी तिची आणि आईची तपासणी करून घ्यायला सांगितली. बहिणीची महत्त्वाची होती, तिच्यात असतं तर मुलग्याला निम्मी शक्यता आणि अकराव्या आठवड्यानंतर वारेचा तुकडा घेऊन बघता आलं असतं. तिच्यात नाही आलं. आईची फक्त साखळी पूर्ण करायला. माझ्याकडे बदल आलाय आणि दादा तसा होता म्हटल्यावर उत्तर ठरलेलंच होतं, पण दादाचं रक्त तर कुठेच नाही, त्यामुळे कागदावर हवं होतं.

आईचं सॅम्पल मीच घेतलं, आमच्याच लॅबमध्ये, जांभळ्या झाकणाची ट्यूब. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, कॅरिअर. घरी जाऊन तिला समजावलं, की तुझ्याकडे दोन धागे, एक बिघडलेला, दादाला तो गेला, मला तो गेला, भावाला आणि बहिणीला चांगला गेला, नाणं फेकल्यासारखं, कुणाच्या हातात नसतं. ती भाजी निवडत ऐकत होती. मला वाटलं तिला वाईट वाटेल की आपल्यातून आलं. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "म्हणजे ग्रहणात विळी धरली म्हणून नव्हे?"

१६ फेब्रुवारी १९८०, सूर्यग्रहण. आपल्याकडेही अंधारून आलं होतं म्हणतात. आई सहा महिन्यांची. घरात पाहुणे होते, सासूने सांगितलं होतं दारं लावून आडवी पड, कशाला हात लावू नको, आणि तिने भुकेल्या पाहुण्याच्या पोरासाठी काकडी चिरली होती. एवढंच. पंचेचाळीस वर्षं.

मी म्हटलं नव्हे.

ती उठली, भाजी तशीच टाकून, आणि साड्यांच्या खालून फोटो काढून आणला.